सात म्हणजे सप्टेंबर

"बाई, हिंदुस्थानात 'अपिरगर' नावाचं गाव कुठं आहे?" पुण्यातल्या एका अनुवाद-कचेरीतून फोन आला, तेव्हा मी कॉलेजात फ्रेंच शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती. जोडीला जुन्या कागदांची कामं घेत होते. म्हटलं, असं गाव काही माझ्या ऐकण्यात नाही, पण कागद पाठवा. कागद आला. एका पत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो होते. परदेशातल्या एका इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबात ते 'आजीचं पत्र' म्हणून चार पिढ्या जपलेलं. घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून त्यांना त्याचं इंग्रजी हवं होतं. घरातल्या कुणालाच फ्रेंच येत नव्हतं. एका चुलतभावाने शब्दकोश घेऊन थोडंफार लावून पाहिलं होतं, त्याचे कागदही सोबत जोडलेले होते.

'अपिरगर' मला चौथ्या दिवशी वाचता आलं, आणि मी एकटीच हसत बसले. ते अपिरगर नव्हतं. ते आमचं असीरगड होतं.

माझं माहेर बुऱ्हाणपूरचं. गावातून खांडव्याच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर गड आडवा येतो. लहानपणी आम्ही वरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो, या गोष्टीच्या भरवशावर चढायचो. त्यामुळे ते नाव ओळखलं यात माझी विद्वत्ता काही नाही. अडचण एका अक्षराची होती. जुन्या फ्रेंच लिखाणात, तसंच जुन्या इंग्रजीतही, 'एस' दोन तऱ्हेचा असे. एक आपला नेहमीचा आणि दुसरा लांब, वरून खाली उतरणारा, एफसारखा दिसणारा. दोन एस शेजारी आले की पुष्कळ जण पहिला लांब आणि दुसरा आखूड काढत. हाताच्या वेगात ती जोडी हुबेहूब 'पी' दिसते. बाईंनी 'असीर'मध्ये दोन एस घातले होते. चुलतभावाने त्यांचा एक पी केला, आणि नकाशावर नसलेलं गाव जन्माला आलं.

या कामात मी जे शिकले ते बहुतेक या एका पत्रात आलं, म्हणून त्याच्याच आधाराने सांगते.

पण आधी माझी एक जुनी चूक. सुरुवातीच्या काळात मी जुनं पत्र सरळ वाचत जायची आणि वाचता वाचताच आजच्या शुद्ध फ्रेंचमध्ये उतरवायची. वेळ वाचतो असं वाटायचं. अशाच एका पत्रात 'माझ्या बहिणी निघून गेल्या' असं एक वाक्य मी लावलं. लिहिणारी बाई फारशी शिकलेली नव्हती, कानाला ऐकू येईल तसं लिहायची. फ्रेंचमध्ये 'माझ्या' आणि 'पण' हे दोन शब्द उच्चाराला जवळजवळ सारखे, लिहायला वेगळे. तिने 'पण' म्हणायला 'माझ्या' लिहिलं होतं. वाक्य होतं, 'पण बहीण निघून गेली.' बहीण एकच होती. क्रियापद एकवचनी होतं, तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण मी ते मनातल्या मनात दुरुस्त करून टाकलं आणि दुरुस्तीची खूणही ठेवली नाही. त्या घरच्यांनी पुढे काही महिने दुसऱ्या बहिणीची नोंद शोधण्यात घालवले. चूक मला दोन वर्षांनी, भलत्याच कारणाने तो कागद पुन्हा काढला तेव्हा दिसली. मी कळवलं. त्यांनी फार चांगुलपणाने उत्तर दिलं, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी दोन वह्या करते. पहिल्या वहीत मूळ ओळ अक्षराला अक्षर, चुकांसकट, जिथे ओळ तुटते तिथेच तोडून. प्रत्येक ओळीला क्रमांक. शंका असलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह आणि न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी तितकी टिंबं. दुसऱ्या वहीत त्याच क्रमांकाने आजची फ्रेंच. इंग्रजी त्यानंतर. म्हणजे उद्या कुणी विचारलं की हा शब्द कुठून आणला, तर बोट ठेवून दाखवता येतं.

असीरगडाच्या पत्रात सत्तेचाळीस ओळी होत्या. कागद एकच, पाकीट नाही. त्या काळी पत्राचाच कागद घडी घालून, बाहेरच्या अंगाला पत्ता लिहून लाखेने बंद करत. उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा जाई, आणि मागच्या बाजूला त्या जागी जे लिहिलेलं असेल तेही जाई. इथे नेमकं वरचं टोक गेलं होतं. 'पाँडिचेरी' हे गावाचं नाव शिल्लक होतं, तारीख आणि महिना शिल्लक होता, वर्ष गेलं होतं.

अशा वेळी पहिल्या ओळीपासून वाचायला बसायचं नाही, शेवटाकडून सुरुवात करायची. पत्राचा शेवट ठरावीक असतो. आपल्याकडे 'कळावे, लोभ असावा' यायचंच, तसं फ्रेंच आई लेकीला 'तुम्हाला मनापासून कवटाळते' या अर्थाचं वाक्य लिहिणारच. वाक्य माहीत असलं की बाईंचा ए कसा, एम कसा, आर कसा हे त्यातून उचलता येतं. मी त्या अक्षरांचा एक तक्ता केला. छोटी, मोठी, शब्दाच्या सुरुवातीची आणि शेवटची अशी रूपं वेगवेगळी. मग वरच्या ओळींवर पट्टी ठेवून एकेक ओळ. शाई मायफळ आणि लोहक्षाराची, मुळात काळी, आता विटकरी झालेली. पलीकडच्या पानाची अक्षरंही उमटून दिसत होती, म्हणून मागच्या बाजूचा फोटो उलटा करून शेजारी ठेवला. कुठली रेघ कुठल्या पानाची ते त्यावरून कळलं.

तरीही पाचवी ओळ अडली. चुलतभाऊही तिथेच अडला होता. त्याला झेड अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक शब्द दिसत होता आणि शब्दकोशात तो नव्हता. मी ती ओळ मोठ्याने वाचली. 'लेझांफां.' म्हणजे 'ले' आणि 'आंफां', मुलं. फ्रेंचमध्ये आधीच्या शब्दाचा शेवटचा एस पुढच्या स्वरावर जाऊन 'झ' होतो. बाईंनी तो झ ऐकला आणि पुढच्या शब्दाला चिकटवून लिहिला. शब्दांमध्ये जागा सोडायचीही त्यांना फारशी सवय नव्हती. मोडी वाचणाऱ्याला हे नवीन नाही. तिथेही शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि वाचणारा ओठांनी पुटपुटत शब्द सुटे करतो. डोळ्यांनी अडलेली ओळ कानाने सुटते, हे मला मोडी वाचणाऱ्या माझ्या आजोबांकडे पाहून आधीच माहीत असायला हवं होतं.

आता तारीख. तारखेपुढे सातचा आकडा आणि त्याला लागून बी, आर, ई अशी तीन बारीक अक्षरं होती. चुलतभावाने 'बारा जुलै' लावलं. सात म्हणजे जुलै, हे आज कुणालाही पटेल. पण हा सात महिन्याचा क्रमांक नाही, उच्चार आहे. फ्रेंचमध्ये सातला 'सेत' म्हणतात, म्हणून सातचा आकडा आणि बीआरई म्हणजे 'सेप्तांब्र', सप्टेंबर. तसाच आठ आणि बीआरई म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा एक्स म्हणजे डिसेंबर. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत आणि हे महिने खरोखर सातवा, आठवा, नववा, दहावा होते. सवय मोडली नाही, नावं राहून गेली. जुन्या फ्रेंच कागदांत हा दोन महिन्यांचा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता वंशावळीत कुणी जन्माआधी बाप्तिस्मा घेतलेला दिसला, तर आधी मूळ कागदातला महिना बघते.

खरा घोटाळा मात्र अकराव्या ओळीत होता. त्या घरात एक कथा चालत आली होती. पत्र लिहिणाऱ्या बाईंचे वडील शिंद्यांच्या फौजेत अंमलदार होते आणि असीरगडावर आगीत जळून मेले. कथा कुठून आली? चुलतभावाच्या आधीही कुणीतरी ते पत्र वाचायचा प्रयत्न केला होता आणि त्याला 'आग माझे वडील' असे शब्द सापडले होते. फ्रेंचमध्ये एफ, ई, यू या तीन अक्षरांचा शब्द म्हणजे आग, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतं. पुढे कुणीतरी इंग्रजी पुस्तकात वाचलं की 1819 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी असीरगडाला वेढा घातला तेव्हा दारूच्या साठ्याचा स्फोट झाला. झालं, दोन टोकं जुळली. पण तो स्फोट गडावर नव्हे, इंग्रजांच्याच मोर्च्यामागे झाला होता आणि त्यात सापडले ते त्यांचेच शिपाई.

त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे, 'कैलासवासी'. अक्षरं तीच, उच्चार तोच, पण कूळ वेगळं. आगीचा शब्द लॅटिनमधल्या चुलीच्या शब्दावरून आला, आणि हा नियतीच्या शब्दावरून. ज्याची नियती पुरी झाली तो. दोन्ही ओळखायचे कसे? हा दुसरा शब्द 'माझे वडील', 'माझी आई' यांच्या आधी नुसता येतो, त्याला स्वतःचं उपपद नसतं, आणि अशा जागी आईसाठीही त्याचं स्त्रीलिंग होत नाही. आगीला मात्र उपपद लागतं. बाईंच्या ओळीत उपपद नव्हतं. त्या एवढंच म्हणत होत्या, 'माझे कैलासवासी वडील.' आग नव्हती.

हे त्या कुटुंबाला कळवायला मी आठवडा घेतला. मधल्या पिढीने मुलांना ती कथा सांगितली होती, एकाने तिच्यावर शाळेत निबंधही लिहिला होता. शेवटी मी वाक्याचा फोटो, दोन्ही अर्थ आणि मला एकच का पटतो ते लिहून पाठवलं. उत्तरात प्रश्न आला, मग ते मेले कसे? पत्र हे सांगत नाही, एवढंच मला लिहिता आलं.

आणि मग वर्ष. इथे मी स्वतः जवळजवळ फसले. बाईंच्या लिखाणात 'मी होते' हे क्रियापद शेवटी ओ-आय घालून लिहिलेलं होतं, आज तिथे ए-आय लिहितात. 'मुलं' या शब्दातला टी गाळलेला होता. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या सहाव्या आवृत्तीत, 1835 मध्ये, हे दोन्ही बदलून आजचं रूप पक्कं केलं. त्यावरून कुटुंबाने पत्र 1835 च्या आधीचं ठरवलं होतं, आणि मीही कागदावर तसं लिहूनही टाकलं होतं.

त्या दिवाळीत बुऱ्हाणपूरला गेले होते. माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या आजीची पत्रं सापडली. त्यांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं', सगळीकडे अनुस्वार. पत्रावर तारीख 1978 ची. मराठी शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी हे अनुस्वार 1962 मध्येच काढून टाकले होते. आजीला त्याचं काय? तिची शाळा त्याच्या कितीतरी आधी संपली होती. ती शिकली तसं मरेपर्यंत लिहीत राहिली. ट्रंकेपाशी बसल्या बसल्याच मला उमगलं की शुद्धलेखन पत्राचं वय सांगत नाही, लिहिणाऱ्याच्या शाळेचं वय सांगतं. नवीन रूप दिसलं तर 'याच्या फार आधीचं नसावं' असं म्हणता येतं. जुनं रूप दिसलं तर 'याच्या नंतरचं नाही' असं म्हणता येत नाही.

पुण्याला परतल्यावर मी वर्षाचा पुरावा मजकुरात शोधला. एकोणतिसाव्या ओळीत बाई लिहितात की आता बादशहाला त्याच्या बेटावरून परत आणणार आहेत, हे वडिलांनी ऐकायला हवं होतं. बादशहा म्हणजे नेपोलियन. सेंट हेलेनावरून त्याचं शव फ्रान्सला आणायचं पॅरिसला ठरलं मे 1840 मध्ये. जहाज जुलैत निघालं, आणि डिसेंबरात शव पॅरिसला पोचलं. पाँडिचेरीत बसून सप्टेंबरमध्ये 'आणणार आहेत' असं लिहिता येईल ते याच वर्षी. जुलैची तारीख धरली असती तर बातमी इतक्या लवकर पोचणं कठीण होतं. महिना आणि वर्ष यांनी एकमेकांना आधार दिला. पत्र 12 सप्टेंबर 1840 चं, अकादमीच्या सुधारणेनंतर पाच वर्षांचं. ओ-आय लिहिणाऱ्या बाई तेव्हा प्रौढ होत्या.

म्हणजे हे पत्र हयात असलेल्यांपैकी कुणाच्याच आजीचं नव्हतं. आजीच्या आजीचं होतं. प्रत्येक पिढीने आपल्याआधीच्या तोंडून 'आजीचं' हा शब्द जसाच्या तसा उचलला होता.

बाईंनी लेकीला सांगितलेली हकिकत साधी आहे. लहानपणी त्या गडाखाली कंपूत राहत होत्या. मग इंग्रज आले, बुऱ्हाणपूर गेलं, पाच-सहा दिवसांत गडही गेला, आणि वडिलांनी हत्यार ठेवलं. हे 1803 चं. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने ऑक्टोबरच्या मध्याला बुऱ्हाणपूर घेतलं आणि 21 तारखेला असीरगड. शिंद्यांच्या चाकरीतले काही युरोपीय अंमलदार त्या वेळी कंपनीच्या स्वाधीन झाले. वर्षाअखेरीच्या तहात गड आणि शहर शिंद्यांना परत मिळालं. गड कायमचा गेला तो 1819 च्या एप्रिलात.

यातला 'कंपू' मला कुठल्याच फ्रेंच कोशात मिळाला नाही. बाईंनी 'कांपू' लिहिलंय आणि मी तीन संध्याकाळी तो शब्द 'छावणी'चं अशुद्ध रूप म्हणून खोडत बसले होते. मग एकदम डोक्यात आलं की हा आपला शब्द आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना मराठी कागदांत कंपूच म्हणतात. आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो, तेव्हा तो शब्द कुठून आला हे कुणाच्या मनात नसतं. फ्रेंच अंमलदाराची मुलगी बाजारात, दायांच्या तोंडी ऐकलेला मराठी शब्द फ्रेंच पत्रात लिहीत होती. गावाचं नावही तिने फ्रेंच पुस्तकांतल्यासारखं 'ब्रांपूर' लिहिलं. तावेर्निये हा जवाहिऱ्या प्रवासी सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरला असंच लिहून गेला होता. इंग्रजीत मी 'कंपू' तसाच ठेवला आणि खाली एक ओळ टीप दिली. 'छावणी' लिहिलं असतं तर वाक्य गुळगुळीत झालं असतं, पण त्या घराला कळलं नसतं की त्यांच्या आजीच्या आजीच्या कानावर मराठी पडलं होतं.

इंग्रजी करताना आणखी दोन ठिकाणी थांबावं लागलं. एक शब्द नात्याचा. फ्रेंचमध्ये सासूला आणि सावत्र आईला एकच शब्द आहे. चुलतभावाने 'सासू' धरलं होतं आणि ती बाई वंशावळीत नवऱ्याच्या फांदीवर नेऊन ठेवली होती. पण तेविसाव्या ओळीत त्या लिहितात की वयाच्या सहाव्या वर्षापासून तिनेच मला वाढवलं. सहाव्या वर्षी फ्रेंच मुलीला सासू नसते. म्हणजे सावत्र आई, फांदी वडिलांची. ही बाई कोण, कुठली, याचं उत्तर पत्रात आहे असं मला वाटतं, पण ते नाव घडीवर आलंय आणि अर्धं झिजलंय. मी जितकी अक्षरं दिसली तितकी लिहिली, बाकी टिंबं.

दुसरी अडचण 'तुम्ही'ची. आई लेकीला सगळ्या पत्रभर 'तुम्ही' म्हणते. जुन्या घरंदाज फ्रेंच कुटुंबांत तशी रीत होती. मराठीत करायचं असतं तर मी क्षणभरही थांबले नसते, आपल्याकडे आईला 'अहो आई' म्हणणारी घरं आहेत. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे चाळिसाव्या ओळीत बाई एकदाच, एकाच वाक्यापुरत्या 'तू'वर येतात, ते इंग्रजीत दिसतच नाही. 'तू त्याला विसरू नकोस,' असं ते वाक्य आहे. 'त्याला' म्हणजे कुणाला, हे लाखेच्या भोकात गेलं. मी टिपेत लिहिलं की इथे संबोधन बदलतं. याहून जास्त करणं माझ्या हातात नव्हतं.

कुटुंबाने विचारलं, रिकाम्या जागा भरून देता का, वाचायला बरं वाटेल. मी नाही म्हटलं. हवं तर ते आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावाने अंदाज लिहू शकतात. माझ्या प्रतीत चौकटी कंस राहतील.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी गडावर गेले. वरच्या मशिदीच्या सावलीत बसून ते पत्र पुन्हा वाचलं, छापील प्रतीवरून. सोबतच्या भाच्याने विचारलं, "मावशी, हे सगळं खरंच इथं झालं का?" गडाखाली झालं, मी म्हटलं, आणि बोट करून कंपू पडत असेल तो उतार दाखवला. मग लक्षात आलं की उताराबद्दल पत्रात अवाक्षर नाही, तो मी आत्ताच जोडला. त्याला तसं सांगितलं.

इंग्रजी प्रत त्या कुटुंबाच्या पुस्तकात छापून आली. सत्तेचाळीस ओळींत तीन कंस आहेत: सावत्र आईचं नाव, चाळिसाव्या ओळीतला 'तो', आणि वरचं वर्ष. वर्षाच्या कंसात मी 1840 लिहिलं आहे, पुढे प्रश्नचिन्ह नाही, पण कंस काढलेला नाही.